अकरा नऊ म्हणजे बॅकअप नव्हे

२०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेने ४५ फुटांची धोक्याची पातळी ओलांडली आणि पाणी ५७ फुटांच्या वर गेले. त्या आठवड्यात नदीकाठच्या संस्थांच्या तळमजल्यांवरील कपाटांत जे काही होते त्याचा चिखल झाला. सभासदांची खाती, इतिवृत्ताच्या वह्या आणि जुन्या नियतकालिकांचे बांधीव खंड यांतले फार थोडे वाचले. त्यानंतर माझ्या परिचयातील काही वाचनालयांनी आणि पतसंस्थांनी कागद स्कॅन करून क्लाउडवर ठेवण्यास सुरुवात केली, आणि तो निर्णय योग्यच होता. मात्र त्याच सुमारास कार्यकारी मंडळांच्या ठरावांत एक वाक्यही येऊ लागले, की माहिती क्लाउडवर असल्यामुळे वेगळा बॅकअप घेण्याची आवश्यकता उरलेली नाही. त्या वाक्याला आधार म्हणून सेवा पुरवणाऱ्या कंपनीच्या माहितीपत्रकातील आकडा जोडलेला असे : ९९.९९९९९९९९९ टक्के टिकाऊपणा. दशांश चिन्हाच्या अलीकडचे दोन आणि पलीकडचे नऊ असे एकूण अकरा नऊ त्यात येतात, म्हणून या व्यवसायातील लोक त्याला 'अकरा नऊ' म्हणतात.

हा आकडा खोटा नाही. तो ज्या प्रश्नाचे उत्तर आहे तो प्रश्न वेगळा आहे आणि संस्थेने विचारायला हवा तो प्रश्न वेगळा आहे, एवढेच मला या लेखात दाखवायचे आहे. सार्वजनिक संस्थांच्या ठरावांतून आणि निविदांमधून ते वाक्य काढून टाकले पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे. हे मत पुस्तकी वाचनातून बनलेले नाही. ज्या वाचनालयाच्या संगणकाच्या कामात मी गेली काही वर्षे हातभार लावतो, तेथे एका रात्रीत अकरा हजारांहून अधिक फाइली गेल्या, आणि त्या वेळी अकरा नऊ जसेच्या तसे शाबूत होते.

प्रथम आकड्याचा अर्थ पाहू. अमेझॉनची एस-थ्री ही साठवण सेवा २००६ मध्ये सुरू झाली, आणि मुंबईतील तिचे केंद्र २०१६ पासून चालू आहे. आपण तिच्याकडे एक फाइल सोपवली, तर पुढील एका वर्षात यंत्रसामग्री बिघडल्यामुळे ती फाइल नष्ट होण्याची शक्यता किती असावी, या हिशेबाने तिची रचना केलेली आहे, आणि ती शक्यता दहा हजार कोटींत एक अशी आहे. कंपनी स्वतः जे उदाहरण देते ते असे, की एक कोटी फाइली ठेवल्या तर सरासरीने दहा हजार वर्षांत एखादी फाइल गमावली जाईल. आमच्या वाचनालयाच्या ३८,६४० फाइली होत्या. त्याच हिशेबाने आमची एक फाइल हरवायला सुमारे २६ लाख वर्षे लागली असती.

येथे दोन गोष्टी नीट वाचल्या पाहिजेत. एक म्हणजे ही रचनेची अपेक्षा आहे, नुकसानभरपाईचे वचन नव्हे. या सेवेच्या करारात बिलातील सवलतीचे जे आश्वासन असते ते सेवा किती वेळ चालू राहील याबद्दल असते, फाइल टिकण्याबद्दल नसते. दुसरी गोष्ट अशी, की फाइल टिकणे आणि ती आत्ता हाती येणे यांतही फरक आहे. २८ फेब्रुवारी २०१७ रोजी अमेरिकेतील एका केंद्रात एस-थ्री काही तास बंद पडली होती. त्या काळात असंख्य फाइली जागच्या जागी सुरक्षित होत्या, पण कोणालाही उघडता येत नव्हत्या.

आता हा आकडा येतो कोठून ते पाहिले, की त्याची मर्यादा आपोआप कळते. हार्ड डिस्क नाशवंत असते. मोठ्या केंद्रांत दर वर्षी शंभरांतली एखाद-दुसरी डिस्क बंद पडते. म्हणून फाइल एका डिस्कवर ठेवतच नाहीत. बॅकब्लेझ या कंपनीने आपला हिशेब २०१८ मध्ये जाहीरपणे मांडला होता, तो समजायला सोपा आहे. त्यांच्याकडे प्रत्येक फाइलचे वीस तुकडे करून ते वीस निरनिराळ्या यंत्रांवरील डिस्कवर ठेवतात. त्यांपैकी सतरा तुकडे मूळ मजकुराचे असतात आणि तीन तुकडे गणिताने काढलेले जादा असतात. हे गणित असे आहे, की वीसपैकी कोणतेही सतरा तुकडे हाती आले तरी पूर्ण फाइल परत जुळवता येते. म्हणजे फाइल कायमची जायची असेल तर एकाच वेळी किमान चार डिस्क बंद पडाव्या लागतात, आणि 'एकाच वेळी' याचा अर्थ येथे पहिली बिघडलेली डिस्क बदलून तिचा तुकडा पुन्हा तयार होईपर्यंतच्या काळात. तो काळ त्यांनी साडेसहा दिवसांचा धरला होता, आणि एक डिस्क वर्षभरात बिघडण्याची शक्यता ०.४१ टक्क्यांच्या आसपास धरली होती. एका विशिष्ट डिस्कच्या बाबतीत साडेसहा दिवसांत बिघडण्याची शक्यता यावरून लाखात सात-आठ इतकी येते. चार डिस्कसाठी तो आकडा चार वेळा एकमेकांशी गुणायचा, वीसांतून चार निवडण्याचे जितके प्रकार होतात तितक्यांनी म्हणजे ४,८४५ ने गुणायचे आणि वर्षात असे साडेसहा दिवसांचे जितके कालखंड येतात तितक्यांनी म्हणजे ५६ ने गुणायचे. हाताने करून पाहिले तरी उत्तर दहा हजार कोटींत एकाच्या आतच येते. अकरा नऊ मिळतात ते येथून.

या गुणाकारात एक गृहीतक दडलेले आहे, आणि माझ्या सगळ्या म्हणण्याचा आधार तेच आहे. चार शक्यता एकमेकींशी गुणता येतात त्या तेव्हाच, जेव्हा चारही बिघाड एकमेकांपासून स्वतंत्र असतात, म्हणजे एक डिस्क बिघडल्यामुळे दुसरी बिघडत नाही आणि चारींना एकच कारण नसते. सांगलीकरांना हे समजावून सांगायला हरिपूरच्या पेवांइतके जवळचे उदाहरण नाही. तेथील मातीत खणलेल्या पेवांत हळद वर्षानुवर्षे कीड न लागता टिकत असे. एखाद्या पेवाला ओल लागून माल खराब होणे क्वचितच घडे, आणि व्यापाऱ्याने आपला माल तीन पेवांत वाटून ठेवला तर तिन्ही पेवे एकाच हंगामात ओलावण्याची शक्यता आणखी कितीतरी कमी होई. हा हिशेब बरोबर होता. पण २००५ चा महापूर आला तेव्हा त्याने पेवे एकेक करून निवडली नाहीत. पाणी एकाच वेळी पेवापेवांत शिरले, आणि आपला माल तीन ठिकाणी वाटलेला आहे या गोष्टीचा कोणाला फारसा उपयोग झाला नाही.

क्लाउडमध्ये पाण्याचा पूर येऊ शकतो याचा विचार कंपन्यांनी केलेला असतो. एस-थ्री आपली फाइल एकाच प्रदेशातील पण एकमेकांपासून अंतरावर असलेल्या किमान तीन केंद्रसमूहांत पसरून ठेवते, ते त्याचसाठी. परंतु तिन्ही ठिकाणी एकाच क्षणी पोहोचणारी एक गोष्ट मात्र तिला अडवता येत नाही, किंबहुना ती तिने अडवू नये अशीच आपली अपेक्षा असते. ती गोष्ट म्हणजे मालकाची आज्ञा. आपण 'ही फाइल पुसून टाक' असे सांगितले, तर ती सगळीकडून पुसली जाणे हेच त्या सेवेचे काम आहे. असे पुसणे टिकाऊपणाच्या हिशेबात नुकसान म्हणून धरले जात नाही, कारण त्यात काही बिघडलेले नसते.

आमच्याकडे नेमके हेच घडले, आणि ते कसे घडले हे बारकाईने सांगतो, कारण त्यातील प्रत्येक पायरी त्या वेळी शहाणपणाची वाटली होती.

पुरात भिजलेल्या आणि बुरशी धरलेल्या जुन्या खंडांची पाने स्वयंसेवकांनी दीड वर्ष खपून स्कॅन केली. प्रत्येक पानाची फाइल साधारण २५ एमबीची होती, त्यामुळे ३८,६४० पाने मिळून ९६६ जीबी झाली. स्कॅनरजवळच्या संगणकाला एक टीबीची बाहेरची हार्ड डिस्क जोडलेली होती आणि रोज रात्री पुढील आज्ञा आपोआप चालत असे.

```
aws s3 sync /mnt/scans s3://vachanalay-scans --delete
```

या आज्ञेतील `sync` डिस्कवरील फोल्डर आणि क्लाउडवरील साठा यांची तुलना करते आणि जे नवे किंवा बदललेले असेल ते वर पाठवते. शेवटचा `--delete` हा शब्द सुरुवातीला नव्हता. स्वयंसेवक फाइलींची नावे दुरुस्त करीत तेव्हा क्लाउडवर जुने नाव आणि नवे नाव अशा दोन्ही प्रती राहत आणि सूचीत घोळ होई, म्हणून आमच्यापैकीच एकाने तो घातला. त्याचा अर्थ असा, की डिस्कवर जे नाही ते क्लाउडवरही ठेवू नकोस. त्या क्षणापासून क्लाउडवरील साठा हा डिस्कचा आरसा झाला. आम्ही मात्र त्याला बॅकअप म्हणत राहिलो.

पुढे डिस्क भरत आली. जूनमध्ये नव्या खंडांचे काम सुरू करायचे होते आणि जेमतेम ३४ जीबी जागा शिल्लक होती. काम पाहणाऱ्या मुलाने विचारले, "काका, पहिल्या कपाटाचे फोल्डर डिस्कवरून काढू का? ते सगळे क्लाउडवर गेलेत." त्याने तपासलेही होते. फाइली खरोखरच तेथे होत्या. मी हो म्हटले. चौदा खंडांची ११,२०० पाने, म्हणजे २८० जीबी, डिस्कवरून गेली आणि त्याच रात्री आज्ञेने आपले काम चोख बजावून ती क्लाउडवरूनही काढून टाकली. या आज्ञेची नोंद एका मजकूर फाइलमध्ये जमा होत असे. त्या रात्रीच्या नोंदीत `delete:` ने सुरू होणाऱ्या ११,२०० ओळी आहेत. ती फाइल उघडून पाहण्याचे काम कोणाकडेही नेमलेले नव्हते.

आम्हाला ते कळले ऑक्टोबरमध्ये, एका अभ्यासकाने जुन्या अंकांतील एक लेख मागितला तेव्हा. मधल्या चार महिन्यांत रोज रात्री आज्ञा यशस्वी झाल्याची नोंद होत होती. सेवा देणाऱ्यांना विचारले तेव्हा उत्तर सभ्य आणि निःसंदिग्ध होते, की खात्याच्या अधिकृत किल्लीने पुसलेल्या फाइली परत आणता येत नाहीत. तोपर्यंत त्या चौदा खंडांपैकी नऊ खंड बुरशीमुळे हाताळण्यायोग्य राहिले नाहीत म्हणून रीतसर ठराव करून रद्दीत गेले होते, आणि त्या ठरावात 'स्कॅन प्रत क्लाउडवर सुरक्षित आहे' असे नमूद होते. उरलेल्या पाच खंडांची ४,००० पाने आम्ही पुन्हा स्कॅन केली. रद्दीत गेलेल्या ७,२०० पानांपैकी १,९५० पानांच्या कमी दर्जाच्या प्रती एका स्वयंसेवक बाईंकडे सूची करण्यासाठी नेलेल्या पेन ड्राइव्हवर सापडल्या. बाकीची ५,२५० पाने आता कोठेही नाहीत. ज्या साठवणीत २६ लाख वर्षांत एक फाइल जाण्याची अपेक्षा होती, तेथून एका रात्रीत अकरा हजार फाइली गेल्या, आणि त्या २६ लाख वर्षांच्या हिशेबात त्यामुळे काडीचाही फरक पडला नाही.

कोणी म्हणेल, की ही तुमची चूक होती, साठवणीचा यात काय दोष? अगदी खरे आहे, आणि माझे म्हणणेही तेच आहे. साठवणीचा दोष असतो तेव्हा अकरा नऊ कामाला येतात. फाइली मात्र बहुतेक वेळा माणसाच्या चुकीने, चोरलेल्या पासवर्डाने, सॉफ्टवेअरमधील दोषाने किंवा न भरलेल्या बिलाने जातात. अकरा नऊंचा हिशेब प्रसिद्ध करताना बॅकब्लेझच्या लोकांनीच प्रामाणिकपणे लिहिले होते, की इतक्या लहान शक्यतांच्या पातळीवर ग्राहकाच्या क्रेडिट कार्डाची मुदत संपून खाते बंद पडण्याचा धोका त्याहून कितीतरी मोठा ठरतो. आमच्यासारख्या संस्थेत खजिनदार दर काही वर्षांनी बदलतो, खात्याला जोडलेला ईमेल जुन्या कार्यवाहांचा असतो आणि बिलाची स्मरणपत्रे त्यांच्याच पेटीत पडून राहतात. हा धोका काल्पनिक नाही.

सॉफ्टवेअरमधील दोषाचे सर्वांत बोलके उदाहरण गुगलचे आहे. फेब्रुवारी २०११ च्या अखेरीस काही जीमेल खाती अचानक रिकामी दिसू लागली. साठवणीच्या सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्तीत दोष होता आणि एकापेक्षा अधिक केंद्रांतील प्रतींवर त्याचा एकाच वेळी परिणाम झाला. कंपनीच्या सांगण्यानुसार अशी खाती एकूण वापरकर्त्यांच्या ०.०२ टक्के होती. पत्रे परत आली ती दुसऱ्या केंद्रातून नव्हे. चुंबकीय टेपवर वेगळी ठेवलेली प्रत त्या दोषापासून दूर राहिली, कारण ती जाळ्याशी जोडलेलीच नव्हती. ज्या कंपनीकडे प्रतींची कमतरता कधीच नसते, तिनेही शेवटी टेपची कपाटे उघडली, ही गोष्ट सभेत कोणी 'आता कोण हार्ड डिस्क सांभाळत बसतो' असे म्हणाले, की मला हमखास आठवते.

तेव्हा बॅकअप कशाला म्हणायचे? माझ्या मते कसोटी एकच आहे : मूळ साठ्यावर आज जी चूक होईल ती त्या प्रतीपर्यंत आपोआप पोहोचता कामा नये. आरसा या कसोटीवर नापास होतो, कारण चूक तत्काळ पोहोचवणे हेच त्याचे काम आहे. बॅकअपमध्ये काळाचे अंतर हवे, म्हणजे कालचा, गेल्या महिन्याचा आणि गेल्या वर्षीचा साठा वेगवेगळा उपलब्ध हवा. अधिकाराचेही अंतर हवे, म्हणजे ज्या पासवर्डाने मूळ साठा पुसता येतो त्याच पासवर्डाने बॅकअप पुसता येता कामा नये. आमची चूक चार महिन्यांनी लक्षात आली, यावरून काळाचे अंतर किती हवे याचाही अंदाज येतो. तीस दिवस मागे जाता येणाऱ्या बॅकअपने आम्हाला वाचवले नसते. ज्या कागदांना वर्षातून एखाद्या वेळीच हात लागतो, त्यांच्या बाबतीत चूक कळायलाही वर्ष लागते.

काळाचे अंतर मिळवण्याची एक सोय एस-थ्रीमध्येच आहे. तिला व्हर्जनिंग म्हणतात आणि ती मुळात बंद असते. एका आज्ञेने ती चालू होते.

```
aws s3api put-bucket-versioning --bucket vachanalay-scans \
  --versioning-configuration Status=Enabled
```

ही सोय चालू असली, की साधी पुसण्याची आज्ञा फाइल नष्ट करीत नाही. तिच्यावर 'पुसली' अशी खूण ठेवली जाते, जुनी आवृत्ती खाली तशीच राहते आणि खूण काढली की फाइल परत दिसते. ती जूनपूर्वी चालू असती तर आमची सगळी पाने परत आली असती, हे मी मोकळेपणाने सांगतो. जुन्या आवृत्त्यांच्या जागेचे भाडे लागत राहते, पण स्कॅन केलेली पाने क्वचितच बदलत असल्यामुळे आमच्यासाठी तो खर्च किरकोळ होता.

तरीही मी व्हर्जनिंगला अर्धाच बॅकअप म्हणेन, कारण त्यात अधिकाराचे अंतर नाही. खात्याची पूर्ण किल्ली ज्याच्या हाती आहे तो जुन्या आवृत्त्याही एकेक करून पुसू शकतो. जून २०१४ मध्ये कोड स्पेसेस नावाच्या कंपनीच्या अमेझॉन खात्यात खंडणी मागणारा एक हल्लेखोर शिरला. कंपनीने नियंत्रण परत घेण्याचा प्रयत्न करताच त्याने साठे आणि बॅकअपच्या प्रती धडाधड पुसल्या. बहुतेक सर्व प्रती त्याच खात्याच्या आवाक्यात होत्या. कंपनीला व्यवसाय बंद करावा लागला. एस-थ्रीत पुढे ऑब्जेक्ट लॉक ही सोय आली. तिच्या कडक प्रकारात ठरवलेली मुदत संपेपर्यंत खात्याच्या मालकालाही फाइल पुसता येत नाही. ती उपयुक्त आहे, पण खातेच बंद झाले तर तीही त्याच खात्याबरोबर जाते. म्हणून दुसरी प्रत दुसऱ्या खात्यात, शक्यतो दुसऱ्या कंपनीकडे किंवा स्वतःच्या डिस्कवर असावी, यावर माझा आग्रह आहे. मे २०२४ मध्ये ऑस्ट्रेलियातील युनिसुपर या निवृत्तिवेतन निधीची गुगल क्लाउडवरील खासगी यंत्रणा एका चुकीच्या मांडणीमुळे पुसली गेली आणि त्या वेळच्या निवेदनानुसार दोन्ही भौगोलिक ठिकाणच्या प्रती एकदमच गेल्या. पुन्हा उभे राहताना त्यांना दुसऱ्या पुरवठादाराकडे ठेवलेल्या बॅकअपची मदत झाली.

छोट्या संस्थेला हे परवडेल का, हा आक्षेप मी गंभीरपणे घेतो, कारण आमचे वार्षिक अनुदान मला ठाऊक आहे. आमच्या आकाराच्या साठ्यासाठी दोन टीबीच्या दोन बाहेरच्या हार्ड डिस्क पुरतात, त्यांची किंमत काही हजार रुपये होते आणि मासिक भाडे नसते. एक डिस्क महिनाभर वाचनालयात राहते आणि दुसरी जतला एका सभासदाच्या घरी असते, जेथे कृष्णेचे पाणी पोहोचण्याचा प्रश्नच येत नाही. महिन्याच्या पहिल्या रविवारी त्यांची अदलाबदल होते. डिस्कवर प्रत घेतानाची आज्ञा `--delete` शिवाय असते, आणि प्रत झाली की तार काढून ठेवली जाते. डिस्क स्वतः कधीतरी बिघडणार आहे, तिला अकरा नऊ नाहीत, फार तर एक-दोन असतील. पण ती बिघडेल ते क्लाउडवरील चुकीशी संबंध नसलेल्या कारणाने बिघडेल, आणि दोन्ही गोष्टी एकाच महिन्यात घडणे खरोखरच दुर्मीळ आहे. स्वतंत्र बिघाडांचा जो गुणाकार कंपनीला उपयोगी पडतो, तोच येथे आपल्याला उपयोगी पडतो.

खर्चापेक्षा अवघड काम दुसरेच आहे, आणि ते म्हणजे परत आणून पाहणे. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या कंपनीतील एका अभियंत्याने रात्री थकलेल्या अवस्थेत चुकीच्या यंत्रावरील माहिती पुसली. बॅकअपकडे वळल्यावर असे आढळले, की नेहमीचा बॅकअप सॉफ्टवेअरच्या आवृत्त्या न जुळल्याने तयारच होत नव्हता, एस-थ्रीवरील त्याची जागा रिकामी होती आणि बिघाडाची सूचना देणारे ईमेलही कोणापर्यंत पोहोचत नव्हते. योगायोगाने सहा तासांपूर्वी घेतलेली एक प्रत होती, म्हणून नुकसान जवळपास तेवढ्यावर थांबले. हे सगळे त्यांनी स्वतःच जाहीर केले, म्हणून आपल्याला शिकता येते.

आम्ही आता नेमाने दोन गोष्टी करतो. प्रत्येक फाइल स्कॅन होताच तिचा एक गणिती ठसा काढून तो यादीत लिहिला जातो. अदलाबदलीच्या रविवारी यादीतून चिठ्ठ्या टाकून वीस पाने निवडतात, ती जतहून आलेल्या डिस्कवरून दुसऱ्याच संगणकावर उतरवतात आणि `sha256sum -c` ने त्यांचे ठसे यादीशी जुळवतात. त्यानंतर ती पाने उघडून डोळ्यांनी वाचतात, कारण ठसा जुळला तरी मूळ स्कॅनच कोरे असू शकते. दुसरी गोष्ट त्याहून सोपी आहे. रोज सकाळी क्लाउडवरील एकूण फाइलींची संख्या पुढील आज्ञेने काढून फळ्यावर लिहितात.

```
aws s3 ls s3://vachanalay-scans --recursive --summarize | tail -2
```

जूनमध्ये हा फळा असता, तर एका सकाळी ३८,६४० च्या जागी २७,४४० दिसले असते. त्या वेळी नऊही खंड कपाटात होते, ते रद्दीत गेले ऑगस्टमध्ये.

म्हणून ठरावांबद्दल माझी सूचना अशी आहे. क्लाउड घेताना टिकाऊपणाचा आकडा खुशाल नोंदवावा, पण तो साठवणीच्या गुणवत्तेच्या कलमात असावा. बॅकअपचे कलम स्वतंत्र असावे आणि त्यात चार प्रश्नांची उत्तरे नावानिशी लिहिलेली असावीत : दुसरी प्रत कोणाच्या खात्यात किंवा कोणाच्या घरी आहे, तिच्यातून किती महिने मागे जाता येते, ती पुसण्याचा अधिकार कोणाकडे आहे आणि ती शेवटची कधी उघडून पाहिली. जी संस्था मूळ कागद रद्दीत घालणार आहे, तिने तसा ठराव करण्यापूर्वी या कलमाखालची शेवटची तारीख सभेत मोठ्याने वाचून दाखवावी. आमच्या इतिवृत्ताच्या वहीत हे कलम गेल्या वार्षिक सभेत मंजूर झाले आहे आणि त्याखाली दर महिन्याची तारीख, तपासलेल्या वीस पानांचे क्रमांक आणि तपासणाऱ्याची सही असते. ज्या खंडांची पाने गेली, त्यांची वर्षे त्याच वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवली आहेत. त्यांपैकी एखादा अंक कोणाच्या माळ्यावर असेल तर तो आम्हाला स्कॅन करण्यापुरता द्यावा, अशी विनंती आम्ही जिल्ह्यातील इतर वाचनालयांना पाठवली आहे, आणि आतापर्यंत दोन अंक आले आहेत.